‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’: महालातल्या एका कूलर पंपाचं प्रकरण

नागपुरात मार्च उजाडला की गच्चीवरचे, पडवीतले, अडगळीतले कूलर खाली उतरतात. कोणी गवताच्या ताट्या बदलतं, कोणी टाकीला रंग मारतं, आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर निम्म्या घरांत एकच गोष्ट कळते: पंखा फिरतो, पण पंप बंद. त्यामुळे कूलरचा पंप ही इथे मोसमातली भाजीच म्हणा. शहराच्या महाल भागात विजेच्या सामानाचं जुनं दुकान असलेले एक काका हा पंप दोन वर्षांपासून एका मार्केटप्लेसवरही विकतात. ऑनलाइनचं सगळं त्यांची सून बघते. मी अशा विक्रेत्यांची लिस्टिंग लिहून देतो, म्हणून एप्रिलमध्ये ती दोघं माझ्याकडे आली. हातात एका तक्रारीची छापील प्रत होती.

तक्रार अशी. अमरावतीच्या एका ग्राहकाने फेब्रुवारीच्या शेवटी, सेलमध्ये, १८ वॅटचा पंप घेतला. खोका तसाच ठेवला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उघडला. पंप चालूच झाला नाही. तोवर मार्केटप्लेसची बदलून देण्याची मुदत संपली होती, म्हणून त्याने वर्णनातल्या नंबरवर व्हॉट्सअॅप केलं. दुकानातून उत्तर गेलं, ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज लिहिलेलं आहे.’ त्याने वर्णनाचा स्क्रीनशॉट काढला, त्यातल्याच आधीच्या ओळीवर लाल गोल केला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला. मार्केटप्लेसने पैसे परत दिले, विक्रेत्याच्या खात्यातून कापले, वर एक तारा देणारा रिव्ह्यू लागला.

काका चिडले होते. “दीड महिन्यानं खोका खोलते अन् आम्हाला चोर म्हणते. आम्ही साफ लिहून राहिलो न बाप्पा, माल वापस होणार नाही म्हणून!”

लाल गोल केलेली ओळ होती: ‘६ महिने गॅरंटी.’

पूर्ण वर्णन असं होतं:

‘हाय क्वालिटी कूलर पंप. सर्व कूलरला फिट. ६ महिने गॅरंटी. नो रिटर्न, नो एक्स्चेंज. तुटफूट झाल्यास जबाबदार नाही. अडचण आल्यास व्हॉट्सअॅप करा.’ आणि पुढे मोबाइल नंबर.

सहा वाक्यं, आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी बोलत नाही. बाजारात आपण सगळेच गॅरंटी म्हणजे ‘बदलून मिळेल’ आणि वॉरंटी म्हणजे ‘दुरुस्त करून मिळेल’ असं धरतो. म्हणजे ग्राहकाने वाचलं की सहा महिने बदलून मिळेल, आणि पुढच्याच वाक्यात वाचलं की काहीच बदलून मिळणार नाही. दोन्हींतलं आपल्या सोयीचं तो धरणारच. आपणही तेच केलं असतं.

मी वर्णनावर न थांबता वस्तू मागवली. खोक्यावर निर्मात्याने छापलं होतं ‘१ वर्ष वॉरंटी’. मार्केटप्लेसच्या फॉर्ममध्ये `Warranty Summary` हा रकाना कोरा होता. पानावर, किमतीच्या खाली, मार्केटप्लेसने स्वतः दाखवलेली ओळ सांगत होती की या वस्तूला ठरावीक दिवसांत बदलून मिळेल. आणि खोक्यात ताई, म्हणजे काकांची सून, दुकानाच्या बिलबुकातली एक पावती प्रेमाने टाकत होत्या, जिच्या तळाशी जुना शिक्का होता: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ एका पंपाला चार ठिकाणी चार नियम. वर्णन सुधारण्याआधी ही चार ठिकाणं एका कागदावर शेजारी शेजारी लिहायची असतात. नाहीतर वर्णन कितीही गोड लिहा, खोका त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

शिक्क्याचं आधी संपवलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येतच हे येतं: दोष असलेली वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आणखी पुढे जातात. मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला सदोष वस्तू, नकली वस्तू किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे ‘नो रिटर्न’ लिहिल्याने काकांना काही संरक्षण मिळत नव्हतं. ते वाक्य फक्त भांडण सुरू करत होतं. आणि ‘सर्व कूलरला फिट’ हे वाक्य तर उलटं त्यांच्याच गळ्यात होतं. १८ वॅटचा पंप पाच-सहा फुटांपर्यंत पाणी चढवतो. मोठ्या डक्ट कूलरला तो बसला तर ताट्यांचे वरचे कोपरे कोरडे राहतात, आणि ग्राहक ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण निवडतो. त्याचं बरोबरच असतं.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला, आणि खरं काम तिथून सुरू झालं. ग्राहक पंप परत का करतो? ताईंनी त्या मोसमातल्या परताव्यांची यादी आणली होती. आम्ही ती तीन ढिगांत टाकली. पहिला ढीग, ‘नको होता’ किंवा ‘चुकून मागवला’. दुसरा, ‘आला तोच बंद’, ‘दुसरीच वस्तू आली’, ‘पाणी चढत नाही’. तिसरा, ‘महिनाभर चालला आणि मग बंद पडला’. या तिन्हींना काका एकाच शब्दाने ओळखत होते: वापसी. पण पहिल्या ढिगात काय करायचं हे पूर्णपणे मार्केटप्लेसचं धोरण ठरवतं. मन बदललं म्हणून माल परत घेतलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, त्या प्रकारच्या वस्तूला मार्केटप्लेस परवानगी देतं की नाही एवढाच प्रश्न असतो. दुसऱ्या ढिगात मार्केटप्लेसचं धोरण आणि कायदा दोन्ही ग्राहकाच्या बाजूला आहेत. तिसरा ढीग वॉरंटीचा, आणि वॉरंटी कोण देतंय हे ठरवल्याशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिता येत नाही.

प्रत्येक ढिगाचं घड्याळही वेगळं आहे. बदलून मिळण्याचे दिवस डिलिव्हरीपासून मोजले जातात. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून. नागपुरात हा फरक कागदावरचा राहत नाही, कारण लोक सेलमध्ये घेतात आणि ऊन तापल्यावर उघडतात. अमरावतीच्या माणसाने आळस केला असं काकांना वाटत होतं. मला वाटतं कूलरचा पंप फेब्रुवारीत विकणाऱ्याने ‘आला की लगेच तपासा’ हे लिहायला हवं होतं, आणि कसं तपासायचं तेही.

आता निर्मात्याला फोन. खोक्यावर एक वर्ष छापलंय, म्हणजे नक्की काय? दोन-तीन वेळा फिरवून उत्तर मिळालं: मोटर जळाली तर एक वर्ष बदलून देऊ. आतला पंखा, जाळी, पाइप यांना काही नाही. दुकानदाराने बंद पंप साठवून मोसमाच्या शेवटी एकत्र पाठवायचे. काकांचे सहा महिने मग आले कुठून? “अंदाजानं लिहिले,” ताई म्हणाल्या, “एक वर्ष लिहायची भीती वाटली.” पण खोक्यावर वर्ष छापलेलं असताना वर्णनात सहा महिने लिहिले तर ग्राहक वर्षच मागणार, आणि मागायला त्याच्या हातात खोका आहे. कमी लिहून जबाबदारी कमी होत नाही. आम्ही एक वर्षच लिहायचं ठरवलं. सेलमध्ये घेऊन उशिरा उघडणाऱ्यांचा प्रश्नही त्याने बराचसा मिटला.

यानंतरचा अर्धा दिवस एका शब्दावर गेला: ‘बदलून’. साडीत किंवा बुटात बदलून म्हणजे दुसरा साइझ, दुसरा रंग. या पंपाला मार्केटप्लेस देत होतं ते बदलणं म्हणजे तीच वस्तू, नवा नग. १८ वॅटचा घेऊन पाणी न चढलेला माणूस ‘बदलून द्या’ म्हणतो तेव्हा त्याला ४० वॅटचा हवा असतो. दुकानाच्या गल्ल्यावर हे सहज होतं, वरचे पैसे घेतले की झालं. पानावर तसं बटणच नसतं. म्हणून वर्णनात ‘एक्स्चेंज’ हा शब्द आम्ही ठेवलाच नाही. त्या जागी ‘हाच पंप, नवा’ असं लिहिलं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र काकांच्या कारागिराने दाखवली. तो दुकानात वायरिंग करत बसला होता आणि आमचं ऐकत होता. काकांनी वॉरंटीत न बसणाऱ्या गोष्टी सांगितल्या होत्या: वायर कापलेली, बॉडी फुटलेली, पाण्याशिवाय चालवून जळालेली. तो हसला. “काका, वायर कापल्याबिगर पंप बसते कुठं?”

खरंच होतं. पंपाला दोन पिनांचा प्लग येतो, पण आपल्याकडच्या पत्र्याच्या कूलरमध्ये मिस्त्री तो प्लग कापतो आणि वायर कूलरच्या स्विचला जोडतो. ‘वायर कापल्यास वॉरंटी नाही’ असं लिहिलं असतं तर पंप नीट बसवणाऱ्या बहुतेक ग्राहकांची वॉरंटी पहिल्याच दिवशी संपली असती. दुसऱ्या बाजूने मार्केटप्लेसचा माणूस परतीचा नग न्यायला येतो तेव्हा त्याच्या फोनवरच्या फोटोशी वस्तू जुळवून बघतो, आणि प्लग नसलेला पंप तो बहुधा घेत नाही. म्हणजे तीच कापलेली वायर मार्केटप्लेसच्या बदलण्यात अडते आणि वॉरंटीत अडायला नको. या दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि दोन्हींच्या मध्ये एक सूचना हवी होती: वायर कापण्याआधी पंप बादलीत चालवून बघा.

‘पाण्याशिवाय चालवून जळालेली’ या अटीवर माझा आणि काकांचा वाद झाला. पंप पाण्यात बुडूनच चालायला हवा, टाकी आटली आणि पंप चालू राहिला तर तापून मोटर जळते, हे सगळं खरं. पण परत आलेली जळकी मोटर हातात घेऊन ती कोरडी चालून जळली की तिची वाइंडिंगच कच्ची होती हे काका सांगू शकतील का? कारागीर म्हणाला, कधी कळतं, कधी नाही. माझं मत असं की जी गोष्ट तुम्ही ग्राहकाला दाखवून देऊ शकत नाही, ती नकाराचं कारण म्हणून लिहू नये. प्रत्येक वेळी वाद होईल आणि प्रत्येक वेळी तुम्ही अंदाजावर लढाल. म्हणून ती अट आम्ही काढली आणि वापराची सूचना म्हणून ठेवली. नकाराची कारणं दोनच उरली, दोन्ही डोळ्यांनी दिसणारी: फुटलेली बॉडी आणि उघडलेली मोटर. बिल हवं, ही अट वेगळी, पण मार्केटप्लेसवर बिल ऑर्डरमधून कधीही उतरवता येतं, म्हणून तिचा जाच नाही. काकांना हे महाग वाटलं. मी त्यांना सांगितलं की चालू असून बंद वाटणारे पंप आधी वेगळे काढा. पंप गुणगुणतो पण पाणी येत नाही, तर बहुतेक वेळा आत ताटीचं गवत किंवा क्षार अडकलेले असतात. प्लग काढून, जाळी उघडून, आतला पंखा बोटाने फिरवला की कळतं. अजिबात आवाज नाही, हात लावला तर कंप नाही, आणि त्याच सॉकेटवर दुसरी वस्तू चालते, तर मोटर गेली. हेच वर्णनात लिहिलं तर पुष्कळ वापसी घरीच मिटते.

मोबाइल नंबर काढावा लागला. बहुतेक मार्केटप्लेस वर्णनात फोन, व्हॉट्सअॅप किंवा बाहेरची लिंक चालू देत नाहीत, आणि ताईंचं लिस्टिंग त्याच कारणाने एकदा बंदही पडलं होतं. मग वॉरंटीसाठी ग्राहकाने कुणाला बोलवायचं? पॅकबंद वस्तूच्या खोक्यावर ग्राहक सेवेचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापणं वैधमापनशास्त्राच्या नियमांनी बंधनकारकच आहे. वर्णनात लिहायचं ते इतकंच की ‘खोक्यावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर’. वॉरंटीची बाकी माहिती फॉर्मच्या रकान्यांत: `Warranty Summary` मध्ये मुदत, `Covered in Warranty` मध्ये मोटर, `Not Covered in Warranty` मध्ये त्या दोन गोष्टी आणि सुटे भाग. वर्णनात आणि रकान्यांत शब्द सारखेच ठेवले. ग्राहक दोन्ही वाचत नाही, पण तक्रार बघणारा वाचतो.

एक निर्णय अजून बाकी होता. मार्केटप्लेसचे बदलून देण्याचे दिवस वर्णनात आकड्याने लिहायचे का? ताईंना हवं होतं, स्पष्ट वाटतं म्हणून. मी नको म्हटलं. ते दिवस मार्केटप्लेस ठरवतं, वस्तूच्या प्रकारानुसार ठरवतं आणि मध्येच बदलतं. आपला आकडा जुना राहिला की आपण खोटे पडतो. ती ओळ पानावर किमतीखाली असतेच, तिच्याकडे बोट दाखवायचं. आकडा फक्त आपल्या हातातल्या गोष्टीचा, म्हणजे वॉरंटीचा.

शेवटी मराठीत हा मजकूर तयार झाला. आधी मराठीत लिहिला आणि मग त्यावरून इंग्रजी आणि हिंदी केला, कारण काकांना तो पूर्ण समजणं गरजेचं होतं:

‘१८ वॅट कूलर पंप. पाणी सहा फुटांपर्यंत चढवतो. घरातल्या लहान आणि मध्यम कूलरसाठी. मोठ्या डक्ट कूलरसाठी हा पंप घेऊ नका.

पंप आला की लगेच तपासा, वायर कापू नका. अर्ध्या बादली पाण्यात पंप पूर्ण बुडवा, हात बाहेर काढा, मगच प्लग लावून बटण दाबा. पाण्याची धार आली म्हणजे पंप ठीक आहे. पंप चालू असताना पाण्यात हात घालू नका.

पंप चालला नाही किंवा दुसरी वस्तू आली, तर या पानावर किमतीखाली लिहिलेल्या दिवसांत ‘माझ्या ऑर्डर्स’मधून विनंती करा. दिवस डिलिव्हरीपासून मोजले जातात. बदलून हाच पंप नवा मिळेल, मोठ्या वॅटचा मिळणार नाही. नग परत देताना प्लग, पाइप आणि खोका सोबत हवा.

त्यानंतर मोटर बंद पडली तर बिलाच्या तारखेपासून १ वर्षाच्या आत नवा पंप देऊ. बसवताना वायर कापली असली तरी चालेल. बॉडी फुटलेली किंवा मोटर उघडलेली असेल तर वॉरंटी नाही. जाळी, आतला पंखा आणि पाइप यांना वॉरंटी नाही. खोक्यावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर बिल आणि पंपाचा व्हिडिओ पाठवा. जुना पंप आमच्याकडे पाठवण्याचा खर्च तुमचा, नवा पाठवण्याचा आमचा. नव्या पंपाची वॉरंटी पहिल्या बिलापासूनच मोजली जाईल.

पंप गुणगुणतो पण पाणी येत नसेल, तर प्लग काढून जाळी उघडा आणि आत अडकलेलं गवत काढा. टाकीत पाणी नसताना पंप चालवू नका.’

खर्चाच्या ओळीवर काका बराच वेळ थांबले. अडीचशे रुपयांच्या पंपाला साठ-सत्तर रुपये कुरिअर लागतं, आणि दोन्हीकडचं त्यांनी भरायचं म्हटलं तर त्या नगात काही उरत नाही. पण ही ओळ लिहिली नसती तर ग्राहक ‘फुकट’ धरून चालला असता. आधी कळलेला खर्च माणूस मान्य करतो, नंतर कळलेल्या खर्चावर रिव्ह्यू लिहितो. ही विभागणी फक्त वॉरंटीला लागू आहे. मार्केटप्लेसच्या मुदतीतल्या परतीचं भाडं ग्राहकाकडून मागता येत नाही, ते मार्केटप्लेसच्या दराप्रमाणे विक्रेत्याकडून जातं.

जुनी बिलबुकं काकांनी फेकली नाहीत. शिक्का मात्र ताईंनी कपाटात लपवला.

पुढच्या उन्हाळ्यात वापसी थांबली नाही, तिची जात बदलली. ‘पाणी चढत नाही’ जवळजवळ दिसेनासं झालं, कारण डक्टवाले मुळात घेतच नव्हते. विक्री त्यामुळे थोडी घटली, हेही खरं, आणि काका ते अजून बोलून दाखवतात. ‘आला तोच बंद’ वाढलं, कारण लोक खरोखर बादलीत तपासू लागले. पण ते आता मुदतीत येत होतं, पूर्ण प्लगसकट, आणि निर्मात्याच्या एकाच लॉटमधले नग जास्त आहेत हे त्यामुळे मे महिन्यातच उघड झालं. तो लॉट काकांनी परत धाडला. वर्ध्याच्या एका बाईंनी जुलैमध्ये वॉरंटी मागितली, व्हिडिओत कापलेली वायर दिसत होती, आणि दुकानातल्या नव्या पोराने सवयीने नकार लिहिला. बाईंनी वर्णनातली एकच ओळ परत पाठवली: ‘बसवताना वायर कापली असली तरी चालेल.’ ताईंनी त्याच दिवशी पंप रवाना केला.

एक चूक आमचीही राहिली. वर्णनात दिवसांचा आकडा टाळला, पण खोक्यात टाकायच्या वॉरंटी कार्डावर छापखान्यात जाताना तो कोणीतरी टाकलाच: ‘बदलून: १० दिवस’. जूनमध्ये मार्केटप्लेसने त्या प्रकारच्या वस्तूंचे दिवस सातवर आणले. वर्णनाला हात लावावा लागला नाही. कार्डं मात्र दोन हजार छापलेली होती, आणि काका, ताई आणि तो कारागीर दुकान बंद झाल्यावर चहा घेत घेत त्या ओळीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावत बसले होते.